‘रिप्लाय ऑल’चा धुरळा एका छोट्या मेलने कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात टायपिंग आणि कॉम्प्युटरची बारीकसारीक कामं करतो. दोन-तीन मंडळांचं, एका पतसंस्थेचं आणि आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचं पत्रव्यवहाराचं काम वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे. हायस्कूल खानापूर तालुक्यातल्या एका गावात आहे. नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गेल्या मेळाव्याच्या वेळी मेलचा जो गोंधळ झाला, त्यानंतर मला फोन करून लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

नेमकं झालं काय होतं?

शनिवारी सकाळी ११ वाजता आमच्या सचिवांनी मेळाव्याच्या निमंत्रणाचा मेल पाठवला. १८६ पत्ते, सगळेच्या सगळे Cc मध्ये. मेळाव्याची तारीख दिली होती मे महिन्यातला दुसरा रविवार.

पहिले सहा मेल ‘अभिनंदन’, ‘नक्की येणार’ असे. सातव्याने लिहिलं की त्या दिवशी त्याच्या भाचीचं लग्न आहे. आठव्याने लिहिलं की त्याच सुमारास गावची यात्रा आहे, पाहुण्यांनी घर भरलेलं असेल, कोण येणार? मग एकाने शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची आठवण करून दिली. बेळगावात ती वैशाखातल्या तिथीप्रमाणे निघते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते आणि मे महिना लिहिताना कोणाच्या ध्यानात येत नाही. इथवर सगळं कामाचं होतं. मग वर्गणी ५०० का, हा प्रश्न आला. आणि मग पुण्याच्या एका मित्राने विचारलं, “पत्त्यात ‘बेळगावी’ का लिहिलंय? ‘बेळगाव’ का नाही?”

इथल्या माणसाला पुढचं सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचं सरकारी नाव बदललं, तेव्हापासून हा विषय निघाला की चहा गार होतो. एक वाजेपर्यंत ४१ उत्तरं झाली होती. प्रत्येक उत्तर उरलेल्या १८५ जणांना, म्हणजे ७,५८५ मेल. त्यातल्या नऊ मेलमध्ये फक्त एवढंच होतं: ‘माझं नाव या ग्रुपमधून काढा.’

मग नाव काढून का टाकलं नाही?

कारण ग्रुप नव्हताच. सगळ्यांचा घोळ इथेच होतो. व्हॉट्सअ‍ॅपमुळे आपल्याला सवय लागली आहे की कुठेतरी एक ‘अ‍ॅडमिन’ बसलेला असतो, त्याने नाव काढलं की सुटलो. मेलला तसा अ‍ॅडमिन नाही. सचिवांनी पाठवलेल्या मेलची एकेक प्रत १८६ जणांकडे गेली आणि त्या प्रत्येक प्रतीवर सगळे पत्ते छापलेले आहेत. कोणीही त्यातली कुठलीही प्रत उघडून Reply all दाबलं की ते पत्ते पुन्हा भरले जातात. सचिवांनी स्वतःच्या मेलबॉक्समधून सगळं पुसून टाकलं असतं तरी काहीही थांबलं नसतं.

त्यामुळे ‘नाव काढा’ ही विनंती पुरी करणं कोणाच्याच हातात नसतं, आणि ती सगळ्यांना पाठवली की धुरळ्यात आणखी एक मूठ पडते.

तुम्ही लोकांना शांत कसं केलंत?

शांत नाही केलं, बोलणं दुसरीकडे नेलं. मी दुपारी सव्वा एकला सचिवांच्या घरी गेलो आणि त्यांच्याच खात्यातून हा मेल पाठवला:

> नमस्कार. मेळाव्याची तारीख या फॉर्मवर ठरेल, उद्या रविवारी रात्री ९ पर्यंत भरा: (लिंक)
>
> वर्गणी, निमंत्रणाचा मजकूर किंवा दुसरं काही असेल तर मला फोन करा.
>
> सगळ्यांचे पत्ते Bcc मध्ये हलवले आहेत. या मेलला उत्तर दिलंत तर ते माझ्याकडेच येईल. ठरलेली तारीख सोमवारी एका मेलने कळवतो.
>
> — सचिव

याच्या वर काही नाही, खाली काही नाही. आदल्या ४१ मेलपैकी कोणाचाही उल्लेख नाही, कोणाला ताकीद नाही.

‘कृपया रिप्लाय ऑल करू नका’ असं स्पष्ट का नाही लिहिलं?

कारण तोवर चौघांनी ते लिहून झालं होतं, आणि चौघांनीही Reply all करूनच. शिवाय त्या वाक्याला उत्तर देण्याचा मोह फार होतो. ‘तुम्हीच तर केलंत’ हा मेल पाचव्या मिनिटाला येतो. तो आलाच.

ज्याला लग्नाची तारीख सांगायची आहे, त्याला फक्त गप्प बसा म्हटलं तर तो गप्प बसत नाही, कारण त्याचं काम झालेलं नसतं. त्याला जागा दाखवली की तो तिकडे जातो. ज्याला काहीच काम नव्हतं, नुसता वैताग आला होता, त्याला ‘Bcc मध्ये हलवले आहेत’ हे वाक्य पुरतं. मग मनाई करायला उरतो कोण?

Bcc मध्ये हलवल्याने नक्की काय होतं?

To आणि Cc मधले पत्ते मेलवर उघडे छापलेले असतात, Bcc मधले छापले जात नाहीत. मेल सगळ्यांना मिळतो, पण मिळालेल्या प्रतीवर दिसतात फक्त पाठवणारा आणि To मधला माणूस. आम्ही To मध्ये सचिवांचाच पत्ता टाकला होता. त्यामुळे आमच्या मेलवर कोणी सवयीने Reply all दाबलं तरी उत्तर फक्त सचिवांकडे गेलं. त्याला वाटलं सगळ्यांना गेलं; वाटू दे.

म्हणजे काम करतो तो मजकूर नाही, पत्ते कुठल्या रकान्यात आहेत ते काम करतं. आमचाच मजकूर शब्दन्‌शब्द तसाच ठेवून पत्ते Cc मध्ये राहू दिले असते, तर तो नुसता बेचाळिसावा मेल ठरला असता.

प्रत्यक्ष कसं करायचं? १८६ पत्ते एकेक करून हलवायचे?

नाही. पण कॉम्प्युटरवर करा, फोनवर बोटाने एकेक पत्ता ओढत बसाल आणि तेवढ्यात आणखी दहा मेल येतील.

जीमेलमध्ये त्या साखळीतला अगदी शेवटचा मेल उघडा आणि Reply all दाबा. वर पत्त्यांच्या ओळीवर क्लिक केलं की To आणि Cc हे रकाने उघडतात. उजवीकडे Bcc दिसेल, त्यावर क्लिक करा. आता Cc च्या रकान्यात क्लिक करून Ctrl+A, मग Ctrl+X, मग Bcc मध्ये जाऊन Ctrl+V. To मध्ये जो कोणी असेल, त्यालाही तसाच उचलून Bcc मध्ये टाका आणि To मध्ये स्वतःचा पत्ता लिहा. आउटलुकमध्ये Bcc चा रकाना सहसा लपलेला असतो, तो Options मधून दाखवायला लावावा लागतो. बाकी रीत तीच.

पाठवण्याआधी Cc चा रकाना खरंच रिकामा आहे ना, एवढं बघा. मी दोनदा बघितलं, आणि दुसऱ्यांदा बघितल्यावर एक पत्ता तिथेच चिकटून राहिलेला सापडला. मजकूर घाईत चुकला तर जीमेलमध्ये Undo Send आहे. सेटिंगमध्ये त्याची मुदत ५ सेकंदांपासून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. असं काम करणाऱ्याने ती ३० वरच ठेवावी.

आणखी एक. मधल्या मेलमध्ये कोणीतरी नवा माणूस जोडलेला असतो. आमच्यात एकाने निवृत्त मुख्याध्यापकांना जोडलं होतं. सचिवांच्या जुन्या यादीवरून पत्ते घेतले असते तर सर राहून गेले असते. म्हणून शेवटच्या मेलवरून पत्ते उचलायचे आणि मूळ यादीशी एकदा ताडून बघायचे, कारण मध्ये कोणी गळलेलंही असतं.

विषयाची ओळ बदलायची का? ‘तातडीचे’ वगैरे लिहायचं का?

हात लावू नका. जीमेल एकाच विषयाचे मेल एका साखळीत बांधतं. विषय बदलला की नवी साखळी तयार होते आणि जुनी तशीच उघडी राहते. मग लोक जुन्या साखळीत भांडत राहतात आणि तुमचा मेल शेजारी गरीब बिचाऱ्यासारखा पडून राहतो. विषय तोच ठेवला तर तुमचा मेल जुन्या साखळीच्या तळाशी येतो. बहुतेक लोक साखळी उघडतात, तळाशी जातात आणि तिथलं बटण दाबतात. तिथे आता तुमचा Bcc वाला मेल असतो.

एक अडचण मात्र आहे. जीमेलची साखळी १०० मेलच्या पुढे गेली की ती आपोआप तुटून नवी सुरू होते. तुम्ही शंभरी गाठेपर्यंत थांबलात तर तुमचा मेल जुन्या साखळीच्या तळाशी जाईलच असं नाही.

मग त्यानंतर एकही मेल आला नाही?

आले की! रात्रीपर्यंत चार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन. हे होतंच, आणि त्याची कारणं माहीत असली की घाबरायला होत नाही.

काही जण मेल येतील त्या क्रमाने, जुन्यापासून वाचतात. त्यांनी अजून तुमचा मेल बघितलेलाच नसतो. कोणी फोनवरच्या नोटिफिकेशनवर टिचकी मारून थेट मधलाच मेल उघडतं. कोणी गाडीत बसून उत्तर लिहिलेलं असतं आणि खानापूर–लोंढ्याच्या जंगलात रेंज नसते. रेंज आली की ते दोन तासांनी सुटतं. आणि आमचे तिघे जण अमेरिकेत आहेत. त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे त्यांचे मेल कायम उशिरा पडतात.

या मेलांना सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं नाही. त्या एकेका माणसाला स्वतंत्र मेल: ‘मिळालं. तारखेसाठी हा फॉर्म भरा.’ बस.

धोका आहे तो पुढे. असा उशिरा आलेला मेल साखळीच्या तळाशी जाऊन बसतो, आणि त्याच्या Cc मध्ये पुन्हा सगळे असतात. म्हणजे तळाची जागा तुमच्या मेलच्या हातून गेली. त्यावर कोणी बोललं नाही तर काही बिघडत नाही. आमच्याकडे कोणी बोललं नाही. पण त्या मेलवर एक, त्यावर आणखी एक असं पुन्हा सुरू झालं, तर तोच मेल, तसाच Bcc मध्ये, आणखी एकदा पाठवावा. दुसऱ्यांदा पाठवायला हरकत नाही. तिसऱ्यांदा पाठवायची पाळी आली तर समजावं की जी जागा दाखवली ती लोकांना पटलेली नाही; अशा वेळी मेल सोडून त्या दोघा-तिघांना फोन लावावा.

किती मेल झाल्यावर हा मेल टाकायचा?

आकडा नाही, पण खूण आहे. ‘माझं नाव काढा’ असा पहिला मेल आला किंवा ‘सगळ्यांना पाठवू नका’ असं कोणी सगळ्यांना पाठवलं की वेळ झाली. त्याआधी अभिनंदनाचे पाच-सहा मेल आले म्हणून लगेच टाकू नये. लोकांना वाटतं, हा कोण शिष्ट? वर्षाने एकदा बोलतोय आणि तेही बोलू देत नाही.

दुसरी मर्यादा जेवणाची. आपल्याकडे रात्री नऊ-साडेनऊला जेवणं आटोपली की सगळे फोन घेऊन बसतात. दुपारचे ४१ रात्री सहज दुप्पट होतात. त्याआधी मेल गेलेला बरा.

पण एक गोष्ट घाईतही सोडू नये: जागा आधी तयार, मेल नंतर. ‘लवकरच फॉर्म पाठवतो’ असं लिहिलं की लोक तोवर इथेच बोलत बसतात. फॉर्म करायला मला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत चार मेल आले, ते येऊ दिले.

फॉर्मच का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप का नाही?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला असता तर तोच गोंधळ, तीच माणसं, फक्त जागा नवी. तारीख ठरवायला चर्चा लागत नाही, निवड लागते. म्हणून तीन तारखा, तिन्हींवर खूण करायची मुभा, शेवटी एक ओळ ‘काही सांगायचं असल्यास’. एवढाच फॉर्म. त्या शेवटच्या ओळीत कितीतरी जणांनी मनसोक्त लिहिलं, आणि ते फक्त सचिवांनी वाचलं.

जिथे खरंच दोन्हीकडून बोलावं लागतं, तिथे व्हॉट्सअ‍ॅप ठीक. निपाणीहून कोणाची गाडी येतेय, सांबऱ्याच्या विमानतळावरून कोणाला आणायचं, असल्या गोष्टींसाठी आम्ही पुढे एक ग्रुप केला. पण त्यात जोडणी स्वतःहून, लिंक दाबून. १८६ जणांना आपणच उचलून टाकायचं नाही. त्यात प्रत्येकाचा फोन नंबर इतरांना दिसतो आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच बायकांना ते नको असतं. त्यांनी तसं सांगितलंही.

वर्गणी आणि मजकूर यासाठी आम्ही काहीच बांधलं नाही, फक्त सचिवांचा फोन. ज्यांना खरंच विचारायचं होतं त्यांनी केला. मेलवर वर्गणीबद्दल अकरा जण बोलले होते, फोन आले तीन.

लिंक पाठवली आणि लोक म्हणतात ‘उघडत नाही’. काय चुकलं?

बहुधा परवानगी. कागद किंवा तक्ता सामायिक करताना तो ‘Restricted’ राहिला तर प्रत्येकाला परवानगी मागावी लागते. मग परवानगी मागणारे मेल मालकाकडे, आणि ‘उघडत नाही हो’ हे मेल सगळ्यांकडे. ते ‘Anyone with the link’ असं करावं लागतं. फॉर्ममध्येही ‘Limit to 1 response’ चालू केलं, किंवा फाइल जोडायचा प्रश्न ठेवला, तर गूगलमध्ये लॉग-इन करावं लागतं. ज्याचं जीमेल नाही तो तिथेच अडकतो. आणि फॉर्म एखाद्या संस्थेच्या खात्यावरून बनवला असेल तर तो कधीकधी त्या संस्थेबाहेर उघडतच नाही.

याला एकच परीक्षा: Incognito खिडकीत लिंक उघडून बघायची. तिथे उघडली तर सगळ्यांकडे उघडते.

दोनदा मत पडेल ही भीती सोडून द्या. आमच्याकडे तसं दोघांनी केलं. नावावरून कळलं, एक ओळ पुसली, झालं.

मेल कोणी पाठवायचा? मला त्रास होतोय म्हणून मी पाठवला तर?

पहिला मेल ज्याने पाठवला त्याने, किंवा ज्याचा शब्द त्या कामात चालतो त्याने. तारीख सचिव ठरवणार हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ‘तारीख या फॉर्मवर ठरेल’ हे वाक्य त्यांच्या नावाने चालतं. माझ्या नावाने गेलं असतं तर पहिलं उत्तर आलं असतं, ‘तू कोण?’ मी त्यांच्या घरी गेलो तो यासाठीच. ते सत्तरीचे आहेत, त्यांनी मजकूर दोनदा मोठ्याने वाचला, ‘होय की, बरोबर आहे’ म्हणाले आणि मग पाठव म्हणाले.

तुम्ही नुसते पाहुणे असाल तर संबंधिताला फोन करा आणि हा मजकूर द्या. तो फोन उचलत नसेल तर आपलं आपण आवाज बंद करून घ्यायचा. जीमेलमध्ये त्या साखळीच्या तीन ठिपक्यांत Mute आहे, आउटलुकमध्ये Ignore आहे. फरक लक्षात ठेवा: जीमेल त्या साखळीचे नवे मेल इनबॉक्सबाहेर ठेवतं आणि `is:muted` असं शोधलं की ते सापडतात; आउटलुकचं Ignore मात्र जुने-नवे सगळे Deleted Items मध्ये टाकतं.

यातूनच एक अडचण निघते. ज्यांनी तुमच्या मेलच्या आधीच Mute केलं, त्यांना तुमचा मेलही इनबॉक्समध्ये दिसणार नाही, कारण तो त्याच साखळीत आहे. त्याला इलाज नाही. म्हणून सोमवारचा निकालाचा मेल जुन्या साखळीत घालायचा नाही. नवा मेल, नवा विषय, पत्ते पहिल्यापासूनच Bcc मध्ये.

एखादे सरच सगळ्यांना उत्तर देत असतील तर?

फोन. दुसरा मार्ग नाही. आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मधेच जोडले गेल्यावर शाळेच्या स्थापनेपासूनचा इतिहास लिहायला घेतला होता, तोही दोन भागांत. मी फोन केला: “सर, तुमचा मजकूर स्मरणिकेत घेतोय, मेलवर हरवेल. माझ्याकडे सलग पाठवता का?” तिसरा भाग माझ्याकडे आला. हेही हलवणंच, फक्त एका माणसापुरतं. स्मरणिकेत त्याची चार पानं झाली, आणि खरं सांगायचं तर स्मरणिकेत वाचण्यासारखं तेवढंच होतं.

सगळ्यांसमोर ‘सर, कृपया’ असं लिहिणाऱ्याला आमच्याकडे कोणी माफ केलं नसतं.

मेल मराठीत लिहायचा की कन्नडमध्ये? की इंग्रजीत?

ज्या भाषेत पहिला मेल गेला त्याच भाषेत. आमचा मराठीत गेला होता. पण आमच्या यादीत कन्नड शिकवणारे दोन शिक्षक आहेत. बोलतात आमच्याशी मराठीतच, वाचायला त्यांना वेळ लागतो. त्यांच्यासाठी लिंकच्या खाली मी एक ओळ कन्नडमध्ये टाकली होती, मेलमध्ये अर्थात कन्नड लिपीत: ‘दिनांकक्कागि ई फॉर्म् तुंबि’, म्हणजे तारखेसाठी हा फॉर्म भरा. वर दिलेल्या मजकुरात ती मी गाळली आहे. अख्ख्या मेलचं भाषांतर जोडू नका. मेल लांबतो, आणि कुठली भाषा वर कुठली खाली यावर नवा मेल येतो.

हे आपल्याच माणसांचं होतं का?

मुळीच नाही. १९९७ साली खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये हेच झालं. ‘बेडलॅम डीएल३’ नावाच्या एका पत्ता-यादीवर कर्मचाऱ्यांची हजारो नावं होती. त्यावर एकाने ‘माझं नाव काढा’ लिहिलं, आणि मग ‘माझंही’, ‘माझंही’ करत कंपनीचे मेल सर्व्हर आडवे झाले. मेल बनवणारी माणसं ती! २०२० मध्ये त्यांनी आपल्या ऑफिस ३६५ मध्ये याला आवर घालायची सोय केली: तासाभरात ५,००० पेक्षा जास्त जणांना दहा Reply all गेले की पुढची उत्तरं चार तास अडवायची. हे आकडे सुरुवातीचे. नंतर ते कमी-जास्त करायची मुभा सिस्टिम सांभाळणाऱ्यांना दिली. पण आपल्या १८६ जणांच्या मेळाव्याला, तेही साध्या जीमेलवर, असला कोणी रखवालदार नसतो.

पुढच्या वेळी पहिल्यापासूनच काय करू?

पत्ते Bcc मध्ये आणि पहिल्याच मेलमध्ये फॉर्मची लिंक. साध्या जीमेलवर एका मेलला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, त्यामुळे दोनशे-तीनशेच्या यादीला अडचण नाही. त्याहून मोठी असेल तर दोन दिवसांत विभागून पाठवा, कारण दिवसाची मर्यादाही तशीच आहे.

सचिवांनी Cc का वापरलं, हे मी त्यांना विचारलं. म्हणाले, “कोणाकोणाला बोलावलंय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे ना. नाहीतर म्हणतात, अमक्याला सांगितलं नाही.” मुद्दा खरा आहे. आता निमंत्रितांची नावं, फक्त नावं, आम्ही मेलच्या खाली वर्गवार लिहितो.

शेवटी तारीख कुठली ठरली? आणि पत्त्याचं काय झालं?

तारीख शाळा सुरू झाल्यानंतरच्या, जूनमधल्या एका रविवारची. पावसाची भीती होती, पण लग्नं, यात्रा, मिरवणूक तिन्हींतून सुटली.

पत्त्याबद्दल सचिवांना सात फोन आले. सातही जणांचं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, कोणालाही हो किंवा नाही म्हटलं नाही. पत्रिकेवर छापलं ते असं: हायस्कूलचं नाव, गावाचं नाव, तालुका खानापूर, पिन कोड. जिल्ह्याची ओळच नाही. पोस्टाने पाठवलेल्या पत्रिका सगळ्या पोचल्या.